दीड हजार डॉलरचं बिल, हातात किती? परदेशी क्लायंटचे पैसे घेण्याची पद्धत, पहिल्या इन्व्हॉइसपासून कर्जाच्या फाइलपर्यंत

फ्रीलान्स काम करणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. "दीड हजार डॉलरचं बिल केलं, गूगलवर दर बघितला, गुणाकार केला आणि खात्यात साडेतीन-चार हजार कमी आले. कुणी खाल्ले?" दुसरा प्रश्न साधारण दोन वर्षांनी येतो, गृहकर्जाचा अर्ज भरताना: "बँक म्हणते उत्पन्नाचा पुरावा द्या. माझ्याकडे पगाराची स्लिप नाही, फॉर्म १६ नाही. काय देऊ?"

दोन्हींचं मूळ एकच आहे. सगळं लक्ष पैसे येण्यावर असतं आणि ते कोणत्या वाटेने, कोणत्या नावावर, कोणत्या कारणाखाली आले याकडे कोणी बघत नाही. नंतर ते दुरुस्त करायला गेलं की प्रत्येक कागदासाठी शाखेत चार फेऱ्या होतात. म्हणून खालच्या पायऱ्या क्रमाने करा.

मी वेबसाइट बनवणं आणि सांभाळणं हे काम करतो, तेव्हा उदाहरण त्याच कामाचं घेतलंय: भारतात राहणारा एकटा फ्रीलान्सर, अमेरिकेतला क्लायंट, बँकेच्या वायरने येणारे डॉलर.

## १. बिल पाठवण्याआधी: खातं आणि नाव

पहिला प्रश्न, तुमच्या बँकेला परदेशातून थेट पैसे घेता येतात का? आपल्याकडे अनेकांचं मुख्य खातं नागरी सहकारी किंवा जिल्हा बँकेत असतं. त्यातल्या बऱ्याच बँकांना स्वतःचा स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशातून वायर घ्यायला लागणारा बँकेचा ओळख कोड, नसतो, पैसे दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत येतात. म्हणजे मध्ये एक हात वाढला आणि परदेशातून पैसे आल्याचं प्रमाणपत्र कोण देणार याचाही घोळ झाला. या कामासाठी रिझर्व्ह बँकेने परकीय चलनाच्या व्यवहारांची परवानगी दिलेल्या बँकेत वेगळं खातं काढा. मोठ्या बँकेतसुद्धा प्रत्येक शाखेत परकीय चलनाचं काम होत नाही. खातं काढताना विचारा: "इनवर्ड रेमिटन्स कोणत्या शाखेतून प्रोसेस होतं? तिथला ईमेल द्या." पैसे अडकले की हाच ईमेल उपयोगी पडतो, आपल्या शाखेतले लोक बहुधा तिकडेच बोट दाखवतात.

सेव्हिंग की करंट? सुरुवातीच्या छोट्या रकमा सेव्हिंगमध्ये घेणाऱ्या बँका आहेत. रकमा नियमित यायला लागल्या की शाखा करंट खातं मागते. मी म्हणेन, ते आधीच काढा. घरखर्च आणि धंद्याचे पैसे वेगळे राहिले की पुढे सातव्या पायरीवर निम्मं काम झालेलं असतं.

आता नाव. हे किरकोळ वाटतं, पण सर्वाधिक पैसे इथेच अडकतात. आपल्या बँक खात्यावर नाव तीन भागांत असतं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव. क्लायंटला आपण दोन भागांचं नाव सांगतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणींचं तर पॅनवर एक, खात्यावर दुसरं आणि पोर्टफोलिओवर तिसरंच असतं. परदेशातून आलेला संदेश आणि खात्यावरचं नाव जुळलं नाही तर बँक खुलासा मागते किंवा पैसे परत पाठवते. माझं पहिलंच पेमेंट असं परत गेलं होतं. वडिलांचं नाव वगळून मी क्लायंटला नाव दिलं होतं. पैसे अकरा दिवसांनी त्याच्याकडे पोहोचले, तेही जाता-येता कापून घेऊन, आणि तो फरक मी भरून दिला.

> तपासून घ्या: बँकेच्या स्टेटमेंटवर नाव जसं छापलंय तसंच, अक्षर न बदलता, क्लायंटला द्या. सोबत खाते क्रमांक, शाखेचा पत्ता आणि स्विफ्ट कोड. आयएफएससी कोड जादा माहिती म्हणून द्या, त्याने स्विफ्ट कोडची जागा भरत नाही.

> सावधान: "अमेरिकेतल्या मामेभावाच्या खात्यात घेऊ, तो पाठवेल" हा शॉर्टकट कधीच घेऊ नका. भाऊ पाठवतो तेव्हा ते पैसे कुटुंबासाठी पाठवलेली रक्कम म्हणून, P1301 या कारणाखाली येतात. तुमचं काम, तुमचं बिल आणि ते पैसे यांचा कागदावर काहीच संबंध उरत नाही. उत्पन्न तुमचं आणि पाठवणारा भाऊ, हे नंतर कुणालाही पटवता येत नाही.

## २. इन्व्हॉइस: पुढच्या सगळ्या कागदांचा पाया

इन्व्हॉइस सुंदर दिसण्यापेक्षा तिच्यातला मजकूर पुढच्या कागदांशी जुळणं महत्त्वाचं. क्रमांक सलग असावा, आर्थिक वर्षानुसार. तारीख, तुमचं पूर्ण नाव आणि पॅन, क्लायंटच्या कंपनीचं नाव व देश, कामाचं एका ओळीत नेमकं वर्णन, आणि रक्कम डॉलरमध्ये. "सर्व्हिसेस" एवढंच वर्णन लिहू नका. "जून २०२५ महिन्याची वेबसाइट देखभाल आणि चेकआउट पानातले बदल" असं लिहा, कारण बँकेतला माणूस हे वर्णन बघूनच पर्पज कोड तपासतो.

पर्पज कोड म्हणजे पैसे कशासाठी आले हे सांगणारा रिझर्व्ह बँकेचा सांकेतिक क्रमांक. वेबसाइट आणि सॉफ्टवेअर सल्ल्याच्या कामाला P0802 लागतो. डेटा प्रोसेसिंगला P0803, व्यवस्थापन सल्ल्याला P1006, जाहिरात आणि बाजार संशोधनाला P1007. कोड एकदा ठरवा आणि त्याच कामाला दर वेळी तोच वापरा. संपूर्ण सॉफ्टवेअर बनवून निर्यात करत असाल तर सॉफ्टेक्स फॉर्मचा वेगळा विषय येतो, तो बँकेशी आणि सीएशी बोलूनच ठरवा.

इन्व्हॉइसच्या तळाशी मी या ओळी ठेवतो, इंग्रजीतच, कारण क्लायंटचा अकाउंटंट त्या वाचतो:

```
Please remit in USD only. Do not convert to INR.
Charges: OUR (all transfer charges borne by remitter)
Payment reference: Invoice 2025-26/014
Purpose code: P0802
```

जीएसटीबद्दल थोडक्यात. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर केवळ ग्राहक परदेशी आहे म्हणून नोंदणी सक्तीची होत नाही. नोंदणी असेल तर कर न भरता निर्यात करण्यासाठी एलयूटी, म्हणजे हमीपत्र, जीएसटी पोर्टलवर RFD-11 फॉर्ममधून द्यावं लागतं, आणि ते प्रत्येक आर्थिक वर्षासाठी नव्याने. लोक पहिल्या वर्षी भरतात आणि पुढच्या एप्रिलमध्ये विसरतात. अशा इन्व्हॉइसवर ही ओळ हवी:

```
Supply meant for export under LUT without payment of IGST
```

## ३. क्लायंट पैसे पाठवताना: दोनच गोष्टी त्याच्याकडून करून घ्या

क्लायंटचा अकाउंटंट बँकेच्या स्क्रीनवर फॉर्म भरतो. तिथे त्याने निवडलेल्या दोन पर्यायांनी तुमचे पैसे वाचतात किंवा जातात. पहिल्या पेमेंटआधी दहा मिनिटांचा कॉल करा, ईमेलवर भागत नाही.

चलन. अमेरिकेतल्या अनेक बँका पाठवणाऱ्याला विचारतात: डॉलरमध्ये पाठवायचे की समोरच्या देशाच्या चलनात? रुपयांत पाठवलं तर वायरचं शुल्क कमी किंवा माफ, असं आमिषही असतं. अकाउंटंटला ते फायद्याचं वाटतं आणि तो रुपये निवडतो. मग डॉलरचे रुपये त्याची बँक करते, तिच्या दराने, आणि त्या दरात तिने आपला नफा आधीच धरलेला असतो. माफ झालेलं शुल्क तुमच्या खिशातून वसूल होतं. शिवाय सेवा निर्यात ठरण्याच्या जीएसटीच्या अटींत पैसे परकीय चलनात येणं ही एक अट आहे. रिझर्व्ह बँकेने मुभा दिलेल्या प्रसंगी रुपये चालतात, पण तुमचा प्रसंग त्यात बसतो की नाही हे सिद्ध करत बसायची वेळ कशाला आणायची? डॉलरच मागा.

शुल्क कोणाचं. इथे तीन पर्याय असतात. OUR म्हणजे सगळं शुल्क पाठवणाऱ्याचं. SHA म्हणजे त्याच्या बँकेचं त्याने द्यायचं आणि पुढचं तुमच्या रकमेतून. BEN म्हणजे सगळंच तुमच्या रकमेतून. काहीच न निवडता SHA जाणं सर्रास घडतं. क्लायंटची बँक आणि तुमची बँक यांचं एकमेकांत खातं नसलं तर मध्ये एक किंवा दोन मध्यस्थ बँका येतात, आणि त्या वाटेतच आपले डॉलर काढून घेतात. तुमच्या बँकेला हे कापून उरलेलेच डॉलर दिसतात, म्हणून "आमच्याकडे एवढेच आले" असं ती म्हणते, आणि ते खरंही असतं.

OUR निवडूनही कधीकधी मध्येच कापलं जातं, विशेषतः अमेरिकेतून येताना. म्हणून करारात "इन्व्हॉइसची पूर्ण रक्कम मिळणं अपेक्षित, कमी आल्यास फरक पुढच्या बिलात" असं एक वाक्य घालून ठेवा. भांडायला नव्हे, पुढच्या बिलात १८ डॉलरची ओळ टाकताना संकोच वाटू नये म्हणून.

मध्यस्थाचं शुल्क रकमेच्या टक्क्यांत नसून ठोक असतं, हेही ध्यानात ठेवा. १८ डॉलर हे १,५०० डॉलरच्या बिलात १.२ टक्के होतात, २०० डॉलरच्या बिलात ९ टक्के. आठवड्याला २०० डॉलर वायरने घेणं म्हणजे पैसे रस्त्यावर सांडत घरी येणं. लहान रकमा असतील तर महिन्याला एकत्र घ्या, किंवा क्लायंटच्या देशातलं स्थानिक खातं वापरायला देणारी सेवा घ्या. त्यात क्लायंट आपल्या देशात साधं ट्रान्स्फर करतो, त्यामुळे मध्यस्थ बँका येत नाहीत. सेवा निवडताना शुल्काआधी दोन गोष्टी विचारा: सीमापार पेमेंटसाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी कोणाकडे आहे, आणि प्रत्येक पेमेंटचं आवक प्रमाणपत्र कोणती बँक, किती दिवसांत देते? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गोलमोल आलं तर ती सेवा स्वस्त असली तरी सोडा.

> तपासून घ्या: पैसे पाठवल्यावर क्लायंटकडून बँकेच्या वायर संदेशाची प्रत, जिला अजून MT103 म्हणतात, आणि यूईटीआर मागून ठेवा. यूईटीआर हा ३६ चिन्हांचा क्रमांक असतो. पैसे कोणत्या बँकेपाशी थांबलेत हे त्यावरून शोधता येतं. "पाठवले आहेत" असा स्क्रीनशॉट या कामाचा नाही.

## ४. पैसे पोहोचले त्या दिवशी

बँकेचा मेल किंवा एसएमएस येतो: तुमच्या नावे अमुक डॉलर आले आहेत, माहिती द्या. इथे पर्पज कोड, इन्व्हॉइस आणि एक घोषणापत्र द्यायचं असतं. काही बँका ऑनलाइन घेतात, काही अजून सही केलेला कागद मागतात. हा मेल स्पॅममध्ये जाऊन आठवडा गेला, अशी प्रकरणं मी इतकी पाहिलीत की आता परदेशी चलन शाखेचा पत्ता आधीच कॉन्टॅक्टमध्ये टाकायला सांगतो. उत्तर दिलंच नाही तर पैसे पडून राहतात आणि शेवटी परत जातात.

दुसरी चूक याच्या उलट आहे. घाईत बँकेच्या माणसाने सुचवलेला कोड मान्य करायचा. कौटुंबिक रक्कम किंवा भेट असा कोड पडला की पुढे तो बदलून घेणं अवघड. "कोणताही टाका, पैसे येऊ द्या" असं कुठल्याही परिस्थितीत म्हणू नका.

आता दर. सकाळी प्रत्येक बँक दिवसाचं दरपत्रक काढते, त्याला कार्ड रेट म्हणतात. त्यात बरेच रकाने असतात. आपल्याला लागू होतो तो टीटी बाइंग, म्हणजे तारेने आलेलं चलन बँक ज्या दराने विकत घेते तो. नोटांचा रकाना बघून घाबरू नका, तो वेगळा आहे आणि आणखी वाईट असतो. गूगलवर दिसतो तो बाजारातला मधला दर. त्या दराने कोणतीच बँक तुम्हाला पैसे देणार नाही. पण दोन दरांतलं अंतर किती असावं, यावर बोलता येतं.

मोठ्या रकमेला बँक ट्रेझरीतून त्या क्षणाचा दर काढून देते, त्याला डील रेट म्हणतात. लहान रकमेला कार्ड रेट लावून मोकळी होते. दीड हजार डॉलरला डील रेट मिळणं कठीण. मात्र दर महिन्याला पैसे येणार असतील तर शाखा व्यवस्थापकाला ईमेलवर विचारा: "माझ्या इनवर्डवर डॉलरमागे ठरावीक पैशांचं मार्जिन लावून द्याल का?" मागील सहा महिन्यांची आवक सोबत जोडा. मी दोनदा नकार घेतला आणि तिसऱ्यांदा, व्यवस्थापक बदलल्यावर, होकार मिळाला. तोंडी होकार धरू नका, मेलवर घ्या.

रूपांतर आठवड्याच्या कामाच्या दिवशी, दुपारी साडेतीनला आंतरबँक बाजार बंद होण्याआधी झालं तर बरं. शनिवारी दर देणारी बँक स्वतःच्या सुरक्षिततेसाठी जास्त अंतर ठेवते. "रुपया अजून पडेल, थांबतो" या मोहासाठी काही जण ईईएफसी खातं काढतात. या खात्यात डॉलर डॉलरच राहतात, पण त्यावर व्याज नाही, आणि एका महिन्यात जमा झालेले न वापरलेले डॉलर पुढच्या महिन्याच्या शेवटापर्यंत रुपयांत बदलावेच लागतात. तुम्हाला सर्व्हर, सॉफ्टवेअर यांची बिलं डॉलरमध्ये भरायची असतील तर ते खातं उपयोगी. दरावर सट्टा खेळायला ते नाही.

## ५. तूट मोजा, नाहीतर कुणाशी बोलणार?

एक पेमेंट पूर्ण उलगडून बघू. हिशोबाला सोपा म्हणून त्या दिवशीचा मधला दर ९० रुपये धरला आहे, शुल्कंही नमुन्यादाखल आहेत. तुमचे आकडे तुमच्या कागदांतून घ्या.

बिल १,५०० डॉलरचं. मधल्या दराने १,३५,००० रुपये व्हायला हवेत.

वाटेत मध्यस्थ बँकेने १८ डॉलर कापले. तुमच्या बँकेत १,४८२ डॉलर पोहोचले. हे १,६२० रुपये गेले.

बँकेने टीटी बाइंग दर लावला ८८.९०, म्हणजे मधल्या दरापेक्षा १ रुपया १० पैसे कमी. १,४८२ डॉलरचे झाले १,३१,७४९ रुपये ८० पैसे. या फरकात १,६३० रुपये २० पैसे गेले.

मग चलन बदलून देण्यावरचा जीएसटी. यावरून फार गैरसमज आहेत. लोकांना वाटतं सरकारने निर्यातीच्या उत्पन्नावर कर घेतला. तसं नाही. चलन बदलून देणं ही बँकेची सेवा, आणि त्या सेवेची किंमत नियमाने ठरवलेली आहे: एक लाखापर्यंत रकमेच्या एक टक्का (किमान २५० रुपये), एक ते दहा लाखांमध्ये १,००० रुपये अधिक लाखावरच्या रकमेच्या अर्धा टक्का. त्या किमतीवर १८ टक्के. आपल्या उदाहरणात किंमत १,१५८ रुपये ७५ पैसे, आणि त्यावर जीएसटी २०८ रुपये ५७ पैसे.

शेवटी बँकेचं आवक शुल्क २५० रुपये आणि त्यावरचा जीएसटी ४५ रुपये, मिळून २९५.

खात्यात जमा: १,३१,२४६ रुपये २३ पैसे. एकूण तूट ३,७५३ रुपये ७७ पैसे, म्हणजे बिलाच्या पावणेतीन टक्क्यांहून थोडी जास्त.

आता यातली मेख बघा. स्टेटमेंटमध्ये "चार्जेस" म्हणून दिसतात ते फक्त २०८ आणि २९५ रुपये, म्हणजे जेमतेम पाचशे. उरलेले सव्वातीन हजार स्टेटमेंटमध्ये कुठेच लिहिलेले नसतात. लोक शाखेत जाऊन २९५ रुपये माफ करा म्हणून वाद घालतात, आणि जिथे खरी गळती आहे तो दर आणि मध्यस्थ यांच्याबद्दल अवाक्षरही काढत नाहीत.

तुलनेसाठी मधला दर कुठून घ्यायचा? बाजाराचे संदर्भ दर काढणारी एफबीआयएल ही संस्था कामाच्या दिवशी दुपारी डॉलरचा संदर्भ दर जाहीर करते. गूगलच्या क्षणाक्षणाला हलणाऱ्या आकड्यापेक्षा तो घ्या, कारण तो बँकेला मेलमध्ये लिहून दाखवता येतो. आणि तुलना करताना पैसे बदलले त्या दिवसाचा दर घ्या. इन्व्हॉइस टाकली त्या दिवसाशी तुलना केली तर बाजाराची हालचाल आणि बँकेचं मार्जिन यांची भेसळ होते.

> तपासून घ्या: (संदर्भ दर वजा मिळालेला दर) भागिले संदर्भ दर. तीन पेमेंटचं हे प्रमाण काढा. दर वेळी एकसारखं येत असेल तर ते बँकेचं ठरलेलं मार्जिन, त्यावर बोलणी करा. एखाद्याच वेळी उसळलं असेल तर तो वार आणि वेळ बघा.

## ६. एफआयआरए त्याच आठवड्यात मागा

एफआयआरए म्हणजे परदेशी रक्कम आल्याचा बँकेचा दाखला. जुनी मंडळी याला अजून एफआयआरसी म्हणतात, आणि शाखेत "एफआयआरसी आता देत नाही" असं ऐकून माघारी येतात. पूर्वीचा तो छापील कागद आता सर्वसाधारण सेवांच्या पेमेंटला मिळत नाही, हे बरोबर आहे. पण त्या आवकेची सूचना किंवा स्टेटमेंट मिळतं, आणि जीएसटी व आयकरासाठी तेच पुढे ठेवायचं असतं. म्हणून नावावर अडू नका. "या व्यवहाराचा इनवर्ड रेमिटन्स अॅडव्हाइस द्या" असं म्हणा.

हातात आला की लगेच वाचा. पाठवणाऱ्याचं नाव, तुमचं नाव, परकीय चलनातली रक्कम, लावलेला दर, रुपयांतली रक्कम, तारीख, पर्पज कोड आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, एवढं त्यावर हवं. पाठवणाऱ्याच्या जागी क्लायंटऐवजी कुठल्यातरी पेमेंट कंपनीचं नाव असेल तर त्या कंपनीच्या डॅशबोर्डवरचं, क्लायंटचं नाव आणि इन्व्हॉइस क्रमांक दाखवणारं पान त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा. सेवा बंद झाली किंवा खातं गोठलं की ते पान गेलं.

> सावधान: मार्चअखेरीस वर्षाचे सगळे दाखले एकदम मागायला जाऊ नका. जुन्या व्यवहारांना काही बँका वेगळं शुल्क लावतात, आणि शाखेत नेमके तेच दिवस सगळ्यात गर्दीचे.

## ७. उत्पन्नाचा पुरावा: आकडे एकमेकांना चिकटले पाहिजेत

देशी क्लायंट पैसे देताना टीडीएस कापतो, त्यामुळे ते उत्पन्न २६एएसमध्ये आपोआप उमटतं. परदेशी क्लायंट टीडीएस कापत नाही, म्हणून तिथे काहीच दिसत नाही. कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेत तुमच्या खात्यात दर महिन्याला "कुठून तरी" लाख-सव्वालाख येतात. त्याला साखळी दाखवावी लागते: करार, इन्व्हॉइस, एफआयआरए, स्टेटमेंटमधली नोंद, आयकर विवरणपत्र.

त्यासाठी एक साधी शीट पुरते. प्रत्येक इन्व्हॉइसला एक ओळ: क्रमांक, तारीख, डॉलर, पोहोचलेले डॉलर, दर, जमा रुपये, जमा तारीख, एफआयआरए क्रमांक, शेरा. फोल्डरही इन्व्हॉइस क्रमांकाच्या नावाने, आणि आत चार पीडीएफ: करार, इन्व्हॉइस, एफआयआरए आणि स्टेटमेंटमधली नोंद. यापलीकडे काही लागत नाही.

गोची होते ती ढोबळ आणि निव्वळ रकमेत. वरच्या उदाहरणात १,५०० डॉलरचं बिल जीएसटी विवरणपत्रात पूर्ण रकमेने जातं. आयकरात मात्र बरेच जण स्टेटमेंटमधली जमा रक्कम, १,३१,२४६, उत्पन्न म्हणून लिहितात. वर्षभराच्या बारा इन्व्हॉइसमध्ये हा फरक ४५ हजारांपर्यंत जातो आणि दोन विवरणपत्रांत उलाढाल वेगवेगळी दिसते. बिलाची रक्कम उत्पन्नात आणि शुल्क खर्चात, अशी नोंद ठेवा. बिल मार्चचं आणि पैसे एप्रिलचे, असं असेल तर ते उत्पन्न कोणत्या वर्षात धरायचं हे सीएशी एकदा ठरवा आणि दर वर्षी तीच पद्धत पाळा.

आता अनेकांना पोळलेला मुद्दा. ठरावीक व्यवसायांना, त्यात माहिती तंत्रज्ञान आणि तांत्रिक सल्ला येतो, अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. १९६१ च्या कायद्यात ते कलम ४४एडीए. एकूण जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवायची, हिशोबाच्या वह्या ठेवायची सक्ती नाही. मर्यादा ५० लाख, आणि रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. सोय चांगली आहे. पण कर्ज देणारी बँक बघते ते विवरणपत्रात दाखवलेलं उत्पन्न. वर्षाला १६ लाख आले आणि तुम्ही ८ लाख नफा दाखवला, तर तुमची ऐपत साधारणपणे ८ लाखांवर मोजली जाते. खरा खर्च फक्त तीन लाख असेल तर निम्म्याहून जास्त नफा दाखवायला कायद्याची आडकाठी नाही. कर जास्त बसेल, हे उघड आहे. घर घ्यायचा विचार असेल तर निर्णय कर्जाच्या अर्जाआधी दोन-तीन वर्षं घ्यावा लागतो, कारण बँक बहुधा तेवढ्या वर्षांची विवरणपत्रं मागते. अर्जाच्या महिन्यात मागची वर्षं बदलून बँकेला पटवणं अवघड. आपला व्यवसाय या यादीत बसतो का, हेही गृहीत धरू नका. कंटेंट लिहिणारे, अनुवाद करणारे बरेच जण न विचारताच हे कलम लावतात.

बँकेने सीएचं उत्पन्न प्रमाणपत्र मागितलं तर त्यावर यूडीआयएन हा अंक आणि अक्षरं मिळून १८ चिन्हांचा क्रमांक असल्याची खात्री करा. त्याशिवायचं प्रमाणपत्र परत येतं.

फाइल देताना वर शीटची एक प्रिंट लावा. माझ्या वेळी अधिकाऱ्याने सगळी फाइल चाळलीच नाही. स्टेटमेंटमधल्या ऑगस्टच्या एका नोंदीवर पेन ठेवला आणि विचारलं, "हे कशाचे?" मी शीटमध्ये ओळ दाखवली, त्या क्रमांकाची इन्व्हॉइस आणि दाखला काढून दिला. त्याने आणखी दोन नोंदी तशाच विचारल्या. त्यातल्या एकीत बिलापेक्षा २२ डॉलर कमी होते, ते का, हेही विचारलं. अशी कारणं लिहायचा शेरा रकाना तेव्हापासून शीटमध्ये आहे.